उणे एकचा कोन

प्रेमराज सरांनी शेवटचा तास संपवला, मुलांना शुभेच्छा दिल्या, आणि घरी येऊन जेवले. मे महिन्याची जळगावची दुपार, बाहेर चिटपाखरू नाही. कोकिळाताईंनी कूलरमध्ये पाणी ओतलं आणि त्या आडव्या झाल्या. सर मात्र कागद घेऊन बसले. पस्तीस वर्षांची सवय होती. शिकवून आल्यावर शेवटचं गणित एकदा उलटं करून पाहायचं.

गणित सोपं होतं. −१ + i या संमिश्र संख्येची घनमुळं काढायची; i म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. सरांच्या क्लासला येणारी सगळी मुलं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणितात अडकलेली. कुणाचा दुसरा प्रयत्न, कुणाचा चौथा. हा विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. अशा मुलांना सर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: "संख्या म्हणजे कागदावरचा एक बिंदू. मध्यापासून तो किती लांब आहे ते बघा आणि कोणत्या दिशेला आहे तो कोन बघा. हे दोन हातात आले की घात म्हणजे कोनाचा गुणाकार आणि मूळ म्हणजे कोनाचा भागाकार. बाकी घाबरण्यासारखं काही नाही."

त्यांनी आज फळ्यावर काढलेलं मूळ घेतलं आणि त्याचा घन केला. लांबी बरोबर आली, √२. कोन आला उणे पंचेचाळीस अंश. म्हणजे संख्या आली १ − i.

सरांनी कागदाकडे पाहिलं. निघताना −१ + i होती, परत आली ती १ − i. बरोबर उलटी, मध्याच्या पलीकडची.

त्यांनी वहीत मागे पाहिलं. दोन आठवडे ते हेच शिकवत आले होते. i चा भाग वर, साधा भाग खाली, भागाकार उणे एक; कॅल्क्युलेटरवर टॅन इनव्हर्स दाबा, उणे पंचेचाळीस. लिहा. पण साधा भाग आडवा आणि i चा भाग उभा मोजला की −१ + i हा बिंदू डावीकडे वर असतो, दुसऱ्या चरणात. त्याचा कोन एकशे पस्तीस. कॅल्क्युलेटरला नुसता भागाकार कळतो. उणे वरचं की खालचं, हे त्याला कळत नाही. म्हणून आधी बिंदू काढून बघायचा असतो. ही गोष्ट त्यांनी हजारो मुलांना सांगितली होती. या वर्षी सांगितली नव्हती.

आणि एकीनं विचारलं होतं. सोनल, पहिल्या बाकावर बसणारी. "सर, बिंदू तर डावीकडे वर आहे, मग कोन उजवीकडे खाली कसा?" त्यावर सर काय म्हणाले होते, तेही आठवलं. "कॅल्क्युलेटर काय दाखवतो ते बघ आणि पुढे चल."

ते उठून कोकिळाताईंच्या उशाशी जाऊन उभे राहिले.

"काय झालं?" त्यांनी डोळे उघडले.

"मी पोरांना चुकीचं शिकवलं. सगळ्यांना. परवा पेपर आहे."

कोकिळाताई उठून बसल्या. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवून जे सांगितलं होतं, ते या घरात दोघांनाच माहीत होतं. विसरणं वाढत जाणार होतं. 'हा क्लास पुरा करतो आणि मग बंद,' असं सर म्हणाले होते, आणि कोकिळाताईंनी मान डोलावली होती. त्या मान डोलावण्याचा त्यांना आता पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

"फोनवर कळवा," त्या म्हणाल्या. "अजून वेळ आहे."

सरांनी क्लासच्या ग्रुपवर लिहिलं: 'बिंदू आधी काढा. −१ + i चा कोन १३५ घ्या, −४५ नाही.' पाठवलं, आणि तेवढ्यानंच थकून झोपले.

उठले तेव्हा ऊन कलत होतं. वही उघडीच होती. त्यांनी पहिल्या आठवड्यातलं गणित पाहिलं: −१ + i चा आठवा घात. उणे पंचेचाळीसला आठानं गुणलं, उणे तीनशे साठ, म्हणजे पूर्ण फेरी, उत्तर सोळा. पुस्तकातही सोळाच. मग कोन चुकला कुठे? पुस्तक खोटं बोलतं का? डोक्यात एक धागा होता तो सुटला, आणि त्याच्या जागी नुसती भीती उरली. त्यांनी पुन्हा फोन घेतला आणि लिहिलं: 'आधीचा मेसेज रद्द. −४५ बरोबर आहे. पुस्तकाशी ताडून पाहिले.'

थोड्या वेळानं सोनलचा फोन आला. "सर, दोन मेसेज आलेत. नेमकं कोणतं धरायचं?"

"दोन?" सर म्हणाले. त्यांना एकच आठवत होता.

सोनल हळूच म्हणाली, "सर, सगळे घाबरलेत. रडतायत काहीजण."

फोन ठेवल्यावर सरांनी स्वतःच पाठवलेल्या दोन ओळी वाचल्या, कुणा परक्या माणसाच्या वाचाव्यात तशा. यातला शहाणा कोण आणि बावळट कोण, हे ठरवणारा तिसरा माणूस त्यांच्यात उरला नव्हता. कोकिळाताईंनी त्यांचे हात आपल्या हातात धरले.

"मला गणितातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही पोरांना म्हणायचात ना, शंका आली की सूत्र बाजूला ठेवा आणि हातानं गुणा. मग गुणा."

सर बसले. कोन नको, कॅल्क्युलेटर नको. शाळेतला साधा गुणाकार. −१ + i ला −१ + i नं गुणलं: एक, उणे दोन i, आणि i चा वर्ग उणे एक. एक आणि उणे एक गेले, उरलं −२i. त्याला पुन्हा −१ + i नं गुणलं. २i, आणि उणे दोन i वर्ग म्हणजे अधिक दोन. घन आला २ + २i. त्याचा कोन पंचेचाळीस, यात वादच नाही.

आता एकशे पस्तीसला तीननं गुणा. चारशे पाच. एक फेरी वजा केली, पंचेचाळीस. जुळलं.

उणे पंचेचाळीसला तीननं गुणा. उणे एकशे पस्तीस. ती दिशा तर डावीकडे खाली जाते. नाही जुळलं.

आणि आठव्या घाताचं कोडंही तिथंच सुटलं. त्यांची चूक बरोबर अर्ध्या फेरीची होती. अर्धी फेरी दोनानं, चारानं, आठानं गुणली की पूर्ण फेऱ्या होतात आणि चूक दिसेनाशी होते. त्यांनी सगळी उदाहरणं सम घातांची दिली होती. विषम घात आला असता तर पहिल्याच दिवशी पकडले गेले असते. मुळांमध्ये तर ही चूक लपतच नाही. कोणतंही मूळ काढा, उत्तर चुकणारच.

त्यांनी हे सगळं मोठ्या अक्षरात लिहिलं, कागदाचा फोटो काढायला कोकिळाताईंना सांगितलं, आणि तिसरा मेसेज त्यांच्याकडूनच पाठवला: 'सकाळी आठला क्लासवर या. माझं ऐकू नका, स्वतः गुणून बघा.'

सकाळी गावात राहणारी मुलं आली. सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाले, "प्रत्येकानं घन करा. हातानं." पंख्याच्या घरघरीत पेनं चालली. सगळ्यांचा २ + २i आला. मग दोन्ही कोन तिपटीनं करून बघायला लावले. एकेकाच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला, आणि त्या उजेडामागून राग. सरांना तो दिसला. त्यांनी नजर चुकवली नाही.

"तू बरोबर विचारलं होतंस," ते सोनलला म्हणाले. "मी तुला गप्प बसवलं."

सोनलनं मान खाली घातली. "सर, बादल आला नाहीये. त्याच्या पाड्यावर रेंजच नसते. त्याला एकही मेसेज गेलेला नाही."

बादल पावरा. चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी घर. एक वर्ष आधीच वाया गेलेलं; आता नापास झाला तर सरकारी वसतिगृहातली जागाही जाणार होती आणि मग कॉलेज संपलंच. मेहनती इतका की एक पद्धत सांगितली की शंभर गणितं तशीच करून आणायचा. शंभर गणितं. सगळी उणे पंचेचाळीसनं.

"उद्या पेपरला येईल तेव्हा गेटवर गाठू," कोकिळाताई म्हणाल्या.

"गेटवर पाच मिनिटांत हाताची सवय मोडत नाही. मी जातो."

"एकटे नाही." त्यांनी पर्स उचलली.

चोपड्याची एस.टी. तव्यासारखी तापली होती. सर सबंध वाटेत पुटपुटत होते: आधी बिंदू, मग कोन, आधी बिंदू, मग कोन. कोकिळाताई खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांना वाटत होतं, हा माणूस हातात पाणी धरून चालला आहे, पोचेपर्यंत किती उरतं कोण जाणे. चोपड्याला जीपवाल्यानं विचारलं, "बाबा, कोठे जानं शे?" आणि सरांना गावाचं नाव आठवेना. कोकिळाताईंनी नाव सांगितलं.

जीपनं सोडल्यावर पुढे पायवाट होती. बादलच्या घराच्या अंगणात विड्यांसाठीच्या टेंभुर्णीच्या पानांच्या जुड्या उन्हात वाळत पडल्या होत्या. नानीबाई, बादलची आई, सावलीत बसून जुड्या बांधत होती. शहरातली दोन म्हातारी माणसं घामानं निथळत आलेली पाहून ती घाबरली. तिला वाटलं, पोरानं काहीतरी केलं. तिनं त्यांच्या पावरी बोलीत हाक मारली तसा बादल घरातून बाहेर आला, हातात वही.

"सर? तुम्ही?"

"वही दाखव," सर म्हणाले.

पानंच्या पानं भरली होती. नीट, ओळीत, एकही खाडाखोड नाही. आणि डावीकडच्या प्रत्येक बिंदूचा कोन चुकलेला. सर खाटेवर बसले. नानीबाईनं दिलेलं पाणी तसंच हातात राहिलं.

"बादल, हे सगळं चुकीचं आहे. माझी चूक आहे, तुझी नाही."

बादलनं वही मागे घेतली, छातीशी धरली. "सर, तुम्हीच शिकवलं. मी रोज करतोय. उद्या पेपर आहे."

"माहीत आहे."

"काल बरोबर होतं, आज चूक. उद्या पुन्हा म्हणाल, हेच बरोबर होतं." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी कशावर भरवसा ठेवू?"

कोकिळाताई काही बोलणार होत्या. सरांनी हातानं थांबवलं.

"मला विसरण्याचा आजार झाला आहे," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते लपवून शिकवत राहिलो. माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. गुणाकारावर ठेव. बस इथं, हा घन कर. कोनाशिवाय."

बादल उभाच राहिला. नानीबाईला बोलणं कळत नव्हतं, पण पोराचं तोंड कळत होतं. ती त्याला काहीतरी म्हणाली, दोनच शब्द. तो जमिनीवर बसला आणि त्यानं घन केला. २ + २i. दोन्ही कोन तपासले. मग वहीतलं आठव्या घाताचं पान उघडलं.

"अर्धी फेरी," तो शेवटी म्हणाला. "म्हणून आठव्या घाताला कळलं नाही."

"हो. आता मुळं."

सरांनी पेन घेतलं. अंगणातल्या धुळीत बिंदू काढावा तसा कागदावर दोन रेघा मारून डावीकडे वर बिंदू काढला. लांबी √२, कोन एकशे पस्तीस. तीननं भागलं, पंचेचाळीस. पहिलं मूळ. दुसरं मूळ...

पेन थांबलं. त्यांना माहीत होतं की मुळं तीन असतात. ती का तीन असतात, पुढचं कुठून येतं, हे मात्र जिथं असायला हवं होतं तिथं काहीच नव्हतं. त्यांनी पंचेचाळीसभोवती गोल केला. पुन्हा केला. कोकिळाताईंनी तोंडाला पदर लावला. पस्तीस वर्षं जो माणूस झोपेत हे सांगू शकला असता, तो बसल्या जागी पेन घट्ट धरून कागद फाटेपर्यंत एकाच आकड्याला गोल करत होता.

बादलनं पेन त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं.

"सर, तुम्ही सांगितलं होतं," तो म्हणाला. "बिंदूभोवती पूर्ण फेरी मारली तर तो तिथंच येतो. म्हणून एकशे पस्तीस म्हणा की त्यात तीनशे साठ मिळवून चारशे पंच्याण्णव म्हणा, बिंदू एकच. अजून एक फेरी, आठशे पंचावन्न. पण तीननं भागल्यावर ते तीन वेगळे होतात. पंचेचाळीस, एकशे पासष्ट, दोनशे पंच्याऐंशी. चौथ्या फेरीला पुन्हा पहिलंच मूळ येतं."

"असं मी सांगितलं होतं?"

"हो सर. हे बरोबर सांगितलं होतं."

सरांचे डोळे भरले. बादलनं तिकडे पाहिलं नाही. तो वहीच्या नव्या पानावर पहिल्यापासून एकेक गणित पुन्हा सोडवायला लागला. जीप परत येईपर्यंत तो सोडवत होता आणि सर नुसते बघत होते. प्रत्येक गणिताआधी बादल दोन रेघा मारून बिंदू काढायचा, आणि सर मान हलवायचे. संध्याकाळच्या गाडीनं तो त्यांच्याबरोबरच जळगावला आला.

पेपरात −१ + √३i ची चौथी मुळं विचारली होती. लांबी दोन, कोन एकशे वीस. मुळांचे कोन तीस, एकशे वीस, दोनशे दहा, तीनशे. बादलनं गेटबाहेर येऊन सरांना एवढंच सांगितलं, आणि तो वसतिगृहाकडे चालता झाला. निकाल लागला तेव्हा तो काठावर पास होता. सोनलही सुटली. सरांनी क्लासची पाटी उतरवली.

पण भूषण राहिला. जामनेरचा भूषण. त्यानं पहिले दोन मेसेज वाचले होते, दुसरा शेवटचा समजून फोन बंद करून अभ्यासाला बसला होता. तिसरा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. बादलच्या मागे धावताना त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. त्यानं कोन उणे साठ धरला. चारही मुळं चुकली, आणि तेवढ्याच गुणांनी तो नापास झाला.

तो आई इंदिराबाईंना घेऊन घरी आला. बाईंनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन उभ्याच राहिल्या.

"सर, तो मेसेज तुमचाच होता ना?"

"हो. माझाच."

"ताई, यांची तब्येत..." कोकिळाताईंनी सुरुवात केली.

"तब्येतीमुळे याचं वर्ष परत येत नाही," सर म्हणाले. "जे बोलायचं असेल ते बोला."

इंदिराबाईंना बोलायचं होतं. वाटेत ठरवून आल्या होत्या. पण समोरच्या माणसाच्या सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली होती, आणि तो मार खायला उभ्या राहिलेल्या पोरासारखा उभा होता. त्या खाली बसल्या आणि रडायला लागल्या. भूषण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या खोलीत कुणाकडे काही नव्हतं जे दुसऱ्याला देता आलं असतं.

पुढच्या आठवड्यात सर भूषणला घेऊन धुळ्याला गेले. तिथं त्यांचा जुना विद्यार्थी जितेंद्र असाच क्लास घ्यायचा. कोकिळाताईंचा गुडघा धरला होता. 'भूषण सोबत आहे,' म्हणत सर त्यांच्याशिवायच निघाले. भूषण गाडीत त्यांच्या मागच्या सीटवर जाऊन बसला.

"याला मी चुकीचं शिकवलं," सर जितेंद्रला म्हणाले. "चार गुण कमी पडले, ते माझे आहेत. याला पहिल्यापासून शिकव. बिंदू काढण्यापासून."

जितेंद्रनं सरांकडे पाहिलं. "सोमवारपासून ये," तो भूषणला म्हणाला.

परत निघताना बसस्थानकावर गर्दी होती. भूषण पाण्याची बाटली घ्यायला गेला आणि वळून बघतो तर सर जागेवर नाहीत. त्यानं एकेक फलाट पाहिला. शेवटी ते सापडले, नरडाण्याच्या गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे, आणि कंडक्टर विचारत होता, "बाबा, जानं कोठे शे तुम्हले?" सर त्याच्याकडे नम्रपणे बघत होते, उत्तर माहीत नसलेल्या विद्यार्थ्यासारखे.

"सर," भूषण म्हणाला. "ही आपली नाही."

सरांनी त्याला ओळखलं की नाही, हे कळलं नाही. पण पाय खाली घेतला. भूषणनं त्यांच्या दंडाला धरून जळगावच्या गाडीत चढवलं, खिडकीशी बसवलं. त्याच्या मनातला राग गेला नव्हता. दिवाळीपर्यंत, कदाचित पुढेही, तो जाणार नव्हता. तरी भूषण सरांच्या शेजारी बसला. बाटलीचं झाकण उघडून ती त्यांच्या हातात दिली, आणि गाडी पारोळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ती सांडू नये म्हणून खालून एक हात धरून ठेवला.